दोष सांगायचा, दाखवायचा, की दुरुस्त करूनच पाठवायचा? अनोळखी दुकानदाराला पहिला ईमेल

पुण्यात एकट्याने डिझाइनचं काम करणाऱ्यांपुढे हा प्रश्न नेहमी येतो. एखाद्या छोट्या व्यवसायाच्या वेबसाईटमध्ये किंवा पाटीत नेमकी एक चूक दिसते. ती सुधारता येईल हे कळतं आणि मालकाचा ईमेल ‘संपर्क’ पानावर मिळतो. आता पहिल्या मेलमध्ये काय धाडायचं? मार्ग तीन आहेत. फक्त शब्दांत दोष सांगायचा, स्क्रीनशॉटवर खूण करून दाखवायचा, किंवा सुधारलेलं डिझाइनच तयार करून पाठवायचं.

बहुतेकजण आपल्या उत्साहाप्रमाणे निवडतात. नवखा माणूस रात्रभर जागून अख्खं मुखपृष्ठ नव्याने करतो आणि जुना माणूस चार ओळी लिहून मोकळा होतो. निवडताना मात्र एकच गोष्ट पाहायला हवी: मालकाला हा दोष स्वतःच्या हाताने, दहा सेकंदांत पडताळून पाहता येतो का? येत असेल तर शब्द पुरतात. दोष त्याच्या डोळ्यांसमोर असूनही त्याला दिसत नसेल, तर चित्र लागतं. आणि बदल झाल्यावर कसं दिसेल याचीच कल्पना करता येत नसेल, तर तयार नमुना लागतो.

| मार्ग | केव्हा चालतो | लागणारा वेळ | कुठे फसतो |
|---|---|---|---|
| फक्त शब्द | काहीतरी बंद किंवा तुटलेलं आहे | साधारण 20 मिनिटं | ‘दिसायला बरं नाही’ असं सांगायचं असेल तेव्हा |
| खूण केलेलं चित्र | चालतं, पण वापरताना अडतं | तासभर | पाच-सहा चुका एकदम दाखवल्या की |
| तयार नमुना | आकार किंवा मांडणी बदलायची आहे | अर्धा दिवस | न विचारता सगळंच बदललं की |

शब्द पुरतात तिथे

सोपं उदाहरण दुकानाच्या लँडलाइनचं. वेबसाईटवर ‘फोन करा’ असं बटण असतं, पण करणाऱ्याने त्यात फक्त आठ आकडे भरलेले असतात. दुकानातल्या लँडलाइनवरून ते आठ आकडे बरोबर लागतात, म्हणून मालकाला यात काही चुकतंय असं कधी वाटतच नाही. ग्राहक मात्र मोबाईलवरून बटण दाबतो आणि पुण्याचा 020 पुढे नसल्यामुळे फोन लागत नाही.

```html
<a href="tel:2XXXXXXX">फोन करा</a>        <!-- चूक -->
<a href="tel:+91202XXXXXXX">फोन करा</a>   <!-- बरोबर -->
```

020 मधला पहिला शून्य +91 नंतर गळतो. इथेच दुसऱ्यांदा चूक होते, कारण घाईत `+91020` लिहिलं जातं.

इथे चित्र जोडायची गरज नाही. “तुमच्या मोबाईलवर तुमची वेबसाईट उघडून ‘फोन करा’ दाबून पाहा, फोन लागत नाही” एवढं वाक्य मालकाला पुरतं. तो दाबून पाहतो आणि तुमच्या म्हणण्याला पुरावा मिळतो. दुरुस्ती दोन मिनिटांची असल्यामुळे तिचे पैसे मागू नयेत. वरच्या कोडची बरोबर ओळच मेलमध्ये देऊन टाकावी. अशा मेलमधून काम लगेच मिळत नाही, पण पुढच्या मेलला अनोळखी म्हणून कचऱ्याची पेटी दिसत नाही.

हाच मार्ग “तुमच्या वेबसाईटचे रंग जुनाट वाटतात” असं सांगायला वापरला की फसतो. त्यात पडताळण्यासारखं काही नसतं. मालकाच्या कानावर फक्त एवढंच पडतं की कुणीतरी अनोळखी माणूस आपल्याला नावं ठेवतोय.

चित्र लागतं तिथे: दरपत्रकाचं उदाहरण

छोट्या व्यवसायांच्या वेबसाईटवर नेहमी दिसणारा एक दोष म्हणजे छापील दरपत्रकाचं चित्र तसंच्या तसं चढवलेलं असणं. समजा, कोथरूडमधला एक घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. ए4 आकाराचं पत्रक प्रेसमधून छापून आलं, त्याचीच जेपीजी फाईल ‘आमचे पदार्थ’ या पानावर टाकली. डावीकडे पदार्थ, मध्ये वजन, उजवीकडे दर.

ए4 कागद 210 मिलिमीटर रुंद असतो आणि साडेसहा इंची मोबाईलचा पडदा साधारण 68 मिलिमीटर. म्हणजे पत्रक तिसऱ्या हिश्श्यावर आलं. कागदावर 11 पॉइंटांत छापलेलं अक्षर पडद्यावर साडेतीन पॉइंटांच्या आसपास उरतं, आणि वर्तमानपत्रातल्या बातमीचा मजकूरही याच्या दुपटीहून मोठा असतो.

पण खरी अडचण बारीक अक्षरांची नाही, कारण दोन बोटांनी चित्र मोठं करता येतं. अडचण त्यानंतर सुरू होते. ‘भाजणीची चकली’ वाचता येईल एवढं चित्र मोठं केलं की दराचा रकाना पडद्याबाहेर जातो. मग बोटाने चित्र उजवीकडे सरकवायचं. तेवढ्यात ओळ थोडी वरखाली होते आणि समोर दिसतो तो दर चकलीचा की खालच्या कडबोळ्यांचा हे कळत नाही. परत डावीकडे जायचं. चार पदार्थांची ऑर्डर द्यायची तर हे आठ वेळा करावं लागतं, आणि ग्राहक त्याआधीच फोन लावून “चकली काय भावाने?” विचारतो. दिवाळीच्या तोंडावर असे फोन कढईसमोर उभं असताना येतात. मालकिणीला हा त्रास रोजचा माहीत असतो. त्याचं मूळ त्या चित्रात आहे, एवढंच तिला माहीत नसतं, कारण तिने ते पान संगणकावर किंवा छापील कागदावरच पाहिलेलं असतं.

म्हणूनच इथे शब्द कमी पडतात. “दरपत्रक मोबाईलवर वाचता येत नाही” असं लिहिलं तर ती उघडून पाहील आणि म्हणेल, दिसतंय की! तिला स्वतःचे दर पाठ आहेत, त्यामुळे अक्षर न वाचताही तिला ते वाचल्यासारखंच वाटतं.

चित्र कसं करायचं हे महत्त्वाचं आहे. स्क्रीनशॉट खऱ्या मोबाईलवरच घ्यावा. संगणकाच्या ब्राउझरमधल्या मोबाईल-दृश्यात अक्षरांचा खरा आकार कळत नाही. दरपत्रक चकलीच्या ओळीवर मोठं केलेलं, नाव दिसतंय आणि दर कापला गेलाय अशा क्षणी स्क्रीनशॉट घ्यायचा. वरची बॅटरीची आणि सूचनांची पट्टी कापून टाकायची. आपली बॅटरी 12 टक्क्यांवर आहे हे तिला कळायची गरज नाही. मग एकच लाल चौकट, जिथे दर असायला हवा होता तिथे.

शेजारी तेवढाच भाग सुधारून ठेवायचा, पूर्ण दरपत्रक नाही. तीन ओळी पुरतात: नाव आणि दर एकाच ओळीत, वजन नावाखाली लहान अक्षरांत, मजकूर 16 पिक्सेलचा. मोबाईलवर 16 पिक्सेलचं अक्षर साधारण साडेसात पॉइंटांचं दिसतं, म्हणजे आधीच्या दुपटीहून थोडं मोठं, आणि तेही चित्र मोठं न करता. दर आणि पदार्थांची नावं तिचीच, जशी तिने लिहिली तशीच ठेवायची. तिने ‘शंकरपाळी’ लिहिलं असेल तर आपण ‘शंकरपाळे’ करायचं नाही. त्या एका अक्षरावरून सबंध मेल बाजूला पडू शकतो, हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून एकच फाईल करायची, रुंदी हजार पिक्सेलच्या आत, वजन 200 केबीच्या आत. मोबाईलचा मूळ स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये सहज एक एमबीच्या पुढे जातो, म्हणून तो जेपीजी करून घ्यावा. चित्र मजकुराच्या मधोमध टाकावं. जोडपत्र म्हणून पीडीएफ धाडली तर अनोळखी माणसाची फाईल म्हणून ती उघडलीच जात नाही, आणि ते तिचं बरोबरच आहे. काही ठिकाणी मेलमधली चित्रं आपोआप दिसत नाहीत, त्यामुळे चित्र नाही दिसलं तरी मजकूर एकटा अर्थ देईल असा लिहायचा.

मेल असा होतो:

> विषय: मोबाईलवर चकलीचा दर दिसत नाही
>
> नमस्कार,
>
> तुमच्या वेबसाईटवरचं दरपत्रक आज मोबाईलवर उघडलं. ते छापील पानाचं चित्र असल्यामुळे नाव वाचायला मोठं केलं की दर पडद्याबाहेर जातो. खाली डावीकडे आत्ता दिसतं ते आहे. उजवीकडे तोच भाग न ताणता वाचता येईल असा मांडला आहे. पदार्थ आणि दर तुमचेच आहेत, काही बदललेलं नाही.
>
> [चित्र]
>
> पूर्ण दरपत्रक, म्हणजे 21 पदार्थ, असं करून द्यायचे 4,500 रुपये होतील. चार दिवस लागतील. तुमची वेबसाईट ज्यांनी केली आहे त्यांच्याकडूनच ते चढवून घ्यायचं असेल, तर त्यांना लागेल तशी फाईल देईन.
>
> हवं असेल तर या मेलला फक्त ‘हो’ लिहा आणि फोन कधी करू ते सांगा.
>
> (पूर्ण नाव, परिसर, मोबाईल नंबर, आधी केलेल्या एका दरपत्रकाची लिंक)

विषयाच्या ओळीत ‘वेबसाईट सुधारणा प्रस्ताव’ असं लिहिलं तर तो मेल रोज येणाऱ्या दहा जाहिरातींसारखाच दिसतो. ‘चकलीचा दर’ हे शब्द फक्त तिच्याच व्यवसायाबद्दल असू शकतात. शिवाय मोबाईलवर विषयाची ओळ लवकर कापली जाते, म्हणून कामाचा शब्द पुढे हवा.

वेबसाईट करणाऱ्याबद्दलचं वाक्य सौजन्यापुरतं नाही. छोट्या व्यवसायाची वेबसाईट बऱ्याचदा भाच्याने किंवा शेजारच्या ओळखीतल्या मुलाने केलेली असते, आणि लॉगिनही त्याच्याकडेच असतं. ‘आधीचं काम चुकीचं आहे’ असं लिहिलं तर तो मेल पहिल्यांदा भाच्याकडे जातो आणि पुढे काय होतं ते उघड आहे. त्याच्या हातात देता येईल असं काहीतरी दिलं, तर तो अडवत नाही.

मेल धाडण्याआधी वेबसाईट कशावर उभी आहे तेही पाहून घ्यावं. संगणकावर पान उघडून Ctrl+U दाबलं की मूळ कोड दिसतो. त्यात `wp-content` शोधा. सापडलं तर ती वर्डप्रेसवर आहे आणि ‘पुढे दर तुम्हालाच मोबाईलवरून बदलता येतील’ असं आणखी एक वाक्य बिनधास्त घालता येतं. `wixstatic` दिसलं तर विक्स आहे, पण तिथे मोबाईलवरून दर बदलता येतीलच असं नाही, म्हणून आधी खात्री करून घ्यावी. दोन्ही नसेल तर ते वचन देऊ नये. वर्षातून दोनदा तरी तेला-तुपाचे भाव बदलतात, आणि दर बदलायला प्रत्येक वेळी कुणाला तरी गाठावं लागणं हा तिच्या दृष्टीने वाचता न येण्यापेक्षाही मोठा त्रास असतो. म्हणून ते वाक्य खरं असेल तर मेलमधलं तेच सर्वांत मोलाचं.

तयार नमुना कधी परवडतो

पाटीचं काम असेल तर खूण केलेल्या फोटोने भागत नाही. महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत नाव हवं आणि ती अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा घाईघाईने बदललेल्या पाट्या अजूनही रस्तोरस्ती दिसतात. जुन्या इंग्रजी पाटीवर मराठी नाव कोंबलेलं असतं, आणि दोन्ही नावं धड वाचता येत नाहीत.

इथे “अक्षरं मोठी करा” सांगून मालकाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. रस्त्यापलीकडून घेतलेला फोटो आणि त्याच फोटोत बसवलेली सुधारित पाटी, हेच लागतं. पाटी करणारे एक ढोबळ हिशेब धरतात: आरामात वाचायचं तर दर 10 फुटांमागे एक इंच उंचीचं अक्षर. रस्त्यापलीकडचं अंतर 60 फूट असेल तर अक्षर सहा इंच. मेलमध्ये हा हिशेब एका ओळीत द्यावा, म्हणजे नमुना ‘आवडीनिवडी’चा वाटत नाही.

पण या मार्गात तोटाही सर्वांत मोठा. अर्धा दिवस गेला आणि उत्तर आलं नाही तर तो बुडाला. उत्तर आलं तरी तयार नमुना थेट फ्लेक्सवाल्याकडे जाऊ शकतो. म्हणून फोटोत बसवलेला, तिरप्या कोनातला, कमी रुंदीचा नमुनाच पाठवावा. त्यावरून छपाई करता येत नाही. छपाईची फाईल पैसे मिळाल्यावर. आणि रंग, बोधचिन्ह, नावाखालची ओळ यातलं काहीही बदलू नये. एका सुधारणेचा मेल आहे तर नमुन्यातही एकच सुधारणा दिसायला हवी. सगळंच बदललं की मालक ज्या गोष्टी मागितल्या नव्हत्या त्यांवर बोलू लागतो: तो लाल रंग वडिलांनी ठरवलाय, तो गणपती इकडून तिकडे कसा आला, वगैरे.

वेबसाईटसाठी अख्खं पान नव्याने करून पाठवायचा मोह होतो, पण तिथे हा मार्ग आम्ही सुचवत नाही. दरपत्रकाच्या तीन ओळींनी जे काम होतं त्यासाठी पूर्ण पान केलं, तर समोरच्याला खर्च मोठा असणार असंच वाटतं.

पहिल्याच मेलमध्ये रक्कम सांगावी का

यावर दोन मतं आहेत. रक्कम न लिहिणारे म्हणतात, आधी बोलणं होऊ दे. मोठ्या कामात ते बरोबरही आहे, कारण काय काय करायचं हेच ठरलेलं नसतं. एका नेमक्या सुधारणेच्या मेलमध्ये मात्र काम पूर्ण ठरलेलं असतं. पदार्थ 21, पान एक, दिवस चार. अशा वेळी रक्कम लपवली की मालकाला विचारावं लागतं, आणि ‘विचारलं म्हणजे अडकलो’ या भीतीने तो विचारतच नाही. त्यामुळे इथे रक्कम लिहावी, आणि ती कशाची हेही लिहावं. फक्त ‘4,500 रुपये’ एवढंच लिहिलं तर नंतर फोटो काढून देणं, लाडूंचं वर्णन लिहून देणं, इन्स्टाग्रामसाठी तेच परत करून देणं हे सगळं त्याच रकमेत धरलं जातं.

पोचणं आणि वेळ

मेल स्वतःच्या डोमेनवरून धाडणार असाल तर आधी स्वतःच्याच जीमेलवर धाडून पाहा आणि ‘Show original’ उघडा. मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आला का हे तपासणाऱ्या SPF आणि DKIM या दोन चाचण्यांसमोर तिथे PASS दिसायला हवं. 2024 च्या फेब्रुवारीपासून जीमेल धाडणाऱ्या प्रत्येकाकडून यातलं किमान एक मागतं. लिंक एकच ठेवा, आणि ती छोटी करून देणाऱ्या सेवेची नको. मेल उघडला की नाही हे कळवणारी साधनंही लावू नका. ती मेलमध्ये लपलेलं चित्र घालतात आणि स्पॅममध्ये जायला आणखी एक कारण मिळतं.

फराळवाल्यांना मेल आषाढात धाडावा. गणपतीत मोदकांची घाई, नंतर नवरात्र, आणि मग दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या की वेबसाईटला हात लावायची कुणाचीच तयारी नसते. दिवसातली वेळ म्हणाल तर सकाळी दुकान उघडायच्या आधी. दुपारी एक ते चारच्या मेलचं काय होतं, ते पुणेकरांना माहीत आहे.

उत्तर आलं किंवा नाही आलं

“बघून कळवते” हा बहुतेकदा नकारच असतो, पण “आमचा भाचा बघतो वेबसाईट” हा नाही. ते दार उघडं आहे. अशा वेळी लगेच भाच्यासाठी वेगळा, तांत्रिक शब्दांचा मेल लिहून तो तिलाच पाठवायचा, “हा त्यांना पुढे पाठवाल का” म्हणून. “किती कमी कराल?” असं आलं तर रकमेबरोबर काम कमी करा: 21 ऐवजी जास्त खपणारे दहा पदार्थ, 2,500 रुपयांत. तेवढंच काम ठेवून रक्कम कमी केली, तर पहिली रक्कम फुगवलेली होती असाच अर्थ निघतो.

काहीच उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा आठवण करावी, नवा मेल न लिहिता पहिल्याच मेलला उत्तर म्हणून, म्हणजे चित्र खाली तसंच राहतं. त्यात “माझा मेल पाहिला का” असं विचारायचं नाही. एखादी कामाची गोष्ट द्यायची:

> नमस्कार, मागच्या मेलमधल्या दरपत्रकाबद्दल. तूर्त काही बदलायचं नसेल तरी एक करता येईल: चित्राच्या वर ‘चकली, लाडू, चिवडा यांचे दर व्हॉट्सअ‍ॅपवर मिळतील’ अशी ओळ आणि खालची लिंक टाकली, तर दर विचारायला येणारे फोन मेसेजवर वळतील. हे तुमची वेबसाईट पाहणारे पाच मिनिटांत करू शकतील.
>
> `https://wa.me/91XXXXXXXXXX`

लिंकमध्ये तिचाच मोबाईल नंबर घालायचा, 91 पासून सुरू, आधी अधिकचिन्ह किंवा शून्य नाही, मध्ये जागा नाही. त्यानंतर तिसरा मेल धाडायचा नाही.